चार हजार तासांचा हिशेब: मराठी यूट्यूब चॅनलची कमाई नेमकी कधी सुरू होते

कळव्याला राहणाऱ्या माझ्या वहिनी घरी ब्लाउज शिवतात आणि गेली काही वर्षे त्यांचे ब्लाउजच्या कटिंगवरचे एक मराठी चॅनल आहे. चित्रीकरण रात्री साडेदहानंतर होते, कारण दिवसा गिऱ्हाइकांची ये-जा असते आणि खिडकीखालून लोकल जाते. टेबलाला बांधलेल्या लोखंडी पट्टीवर फोन उलटा लटकवलेला असतो, त्याच्याखाली कापड, खडू, मोजपट्टी आणि कात्री. मी ठाण्यात हिशेबनिसाचे काम करतो, त्यामुळे या चॅनलचे आकडे दर महिन्याला एका वहीत उतरवायचे काम माझ्याकडे आले. खाली जे लिहिले आहे, त्यातले नियम यूट्यूबचे आहेत आणि आकडे त्या वहीतले, सोयीसाठी थोडे गोळाबेरीज केलेले.

बहुतेकांना एवढे माहीत असते की एक हजार सबस्क्रायबर झाले आणि लोकांनी चॅनलचे व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिले की पैसे सुरू होतात. ही अट २०१८ पासूनची आहे. त्याआधी चॅनलवर सगळे मिळून दहा हजार व्ह्यूज झाले तरी पुरत असे. परंतु आजची अट पूर्ण वाचली तर तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याला ५०० सबस्क्रायबर, मागच्या ९० दिवसांत निदान तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि मागच्या १२ महिन्यांत ३,००० तास लागतात. तो ओलांडल्यावर चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये, म्हणजे कमाईत वाटा देणाऱ्या योजनेत, येते, प्रेक्षकांना चॅनलची सशुल्क मेंबरशिप घेता येते किंवा व्हिडिओखाली सुपर थँक्सने पैसे देता येतात आणि त्यातला ७० टक्के वाटा आपल्याला मिळतो, मात्र जाहिरातींचा पैसा मिळत नाही. जाहिरातींसाठी दुसरा टप्पा म्हणजे १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास. तासांऐवजी शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, पर्यायही आहे: पहिल्या टप्प्यासाठी ९० दिवसांत ३० लाख व्ह्यूज आणि दुसऱ्यासाठी एक कोटी. एक कोटीला नव्वदने भागले की रोजचे एक लाख अकरा हजार व्ह्यूज होतात, म्हणून हा पर्याय मी वहीत घेतलेलाच नाही.

आता चार हजार तास म्हणजे किती, हे मिनिटांत मांडल्याशिवाय कळत नाही. ४,००० तासांची २,४०,००० मिनिटे होतात. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी चार मिनिटे पाहत असेल तर ६०,००० व्ह्यूज लागतील, आणि अडीच मिनिटे पाहत असेल तर ९६,०००. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे की वीस मिनिटांचा, याचा या हिशेबाशी थेट संबंध नाही. लोक त्यातला किती भाग खरोखर पाहतात, एवढाच प्रश्न आहे. नवीन माणूस व्ह्यूजच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, पण पार्टनर प्रोग्रामच्या दाराशी मोजली जातात ती मिनिटे.

वहिनींच्या पहिल्या सहा महिन्यांत ही सरासरी दोन मिनिटे चाळीस सेकंद होती. व्हिडिओ अकरा मिनिटांचे, दर शनिवारी एक, आणि शिकवणे अगदी नीट. मग लोक निघून का जात होते, हे यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओखाली जो आलेख दिसतो त्यावरून समजले. तो आलेख सेकंदागणिक किती टक्के प्रेक्षक अजून थांबले आहेत ते दाखवतो. वहिनींच्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत पहिल्या दीड मिनिटातच रेघ धाडकन निम्म्यावर यायची. त्या दीड मिनिटात काय होते? ‘नमस्कार मैत्रिणींनो’, मग चॅनलचे नाव, मग सबस्क्राईब करण्याची विनंती, मग मागच्या व्हिडिओला दिलेल्या प्रतिसादाबद्दल आभार आणि मग आज काय शिकणार ते. मुंढ्याला झोळ का येतो हे शोधत आलेली बाई हातात बिघडलेले ब्लाउज घेऊन बसलेली असते. तिला आभार नको असतात.

आम्ही तो सगळा भाग काढला. आता व्हिडिओ सुरू होतो तो झोळ आलेल्या मुंढ्याच्या जवळून घेतलेल्या चित्राने आणि वहिनींच्या एका वाक्याने: ‘हा झोळ शिलाईचा नाही, कापतानाच अर्धा इंच चुकला आहे.’ पुढच्या काही महिन्यांत सरासरी चार मिनिटांच्या थोडी वर गेली. शिवणारा हात तोच आणि फोनही तोच होता, पण ज्या कामाला ९०,००० व्ह्यूज लागले असते, ते आता ६०,००० व्ह्यूजमध्ये होण्यासारखे झाले.

मागच्या बारा महिन्यांचे सरकते माप

नियमातला सर्वांत कमी समजला जाणारा शब्द आहे ‘मागच्या १२ महिन्यांत’. हे तास टाकीत साठणाऱ्या पाण्यासारखे कायमचे साठत नाहीत. आज जे मोजले जातात ते आजपासून मागे ३६५ दिवसांतले तास असतात. उद्या एक नवा दिवस आत येतो आणि मागच्या टोकाचा एक दिवस बाहेर पडतो. पहिले वर्षभर याचा त्रास जाणवत नाही, कारण बाहेर पडायला काही नसतेच. तेराव्या महिन्यापासून जाणवू लागतो.

वहीतले आकडे असे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत सगळे मिळून १४० तास. सहाव्या महिन्याअखेर ६१०. बारावा महिना संपला तेव्हा १,९०० तास आणि ६४० सबस्क्रायबर. इथे पुष्कळ जण असा अंदाज करतात की वर्षात एकोणीसशे झाले, म्हणजे अजून वर्षभराने चार हजार होतील. तो अंदाज या नियमात बसत नाही. दर महिन्याचा वेग तेवढाच राहिला असता तर दुसऱ्या वर्षअखेरही मागच्या बारा महिन्यांचे तास एकोणीसशेच दिसले असते, आणि दहाव्या वर्षीही तेवढेच. सरकत्या मापात पुढे जायचे तर या महिन्याचे तास गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा जास्तच हवेत. दोन्हींमध्ये जो फरक पडतो तेवढीच खरी वाढ असते.

तेराव्या महिन्यात वहिनींना ३३० तास मिळाले आणि पहिल्या महिन्याचे फक्त २० बाहेर पडले, म्हणून एकूण आकडा २,२१० झाला. चौदाव्यात ४०० आले, ४५ गेले. पंधराव्यात ४५० आले, ७५ गेले आणि आकडा २,९४० वर पोहोचला. सोळाव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन हजार पार झाले. मग चढण लागली. अठराव्या महिन्यात ५२० तास आले, तोपर्यंतचा सर्वांत चांगला महिना, पण त्याच वेळी गेल्या वर्षीच्या सहाव्या महिन्याचे २०० तास बाहेर पडले आणि महिना संपताना आकडा ३,९७० वर अडकला. वहिनींनी त्या रात्री फोन करून विचारले, “भाऊजी, तीस तास कमी का दिसतात? काल जास्त होते ना?” जास्त होते, हे खरे होते. आदल्या दिवशी आत आलेल्या तासांपेक्षा मागून बाहेर पडलेले तास अधिक असतील तर आकडा एका रात्रीत खालीही येतो. एकोणिसाव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार हजार पार झाले.

आमच्या मते ज्याला दुसरी नोकरी किंवा घरचे काम आहे आणि जो आठवड्याला एकच व्हिडिओ करू शकतो, त्याने दीड ते दोन वर्षांचा काळ धरावा. यापेक्षा लवकर ज्यांचे होते त्यांचा बहुधा एखादा व्हिडिओ अचानक चाललेला असतो, आणि त्याचे तासही बरोबर बारा महिन्यांनी बाहेर पडायला लागतात, हे त्यांना नंतर कळते. प्रोग्राममध्ये एकदा घेतल्यावर मात्र आकडा थोडा खाली आला म्हणून लगेच बाहेर काढत नाहीत. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काहीच टाकले नाही, तर कमाई बंद करण्याचा अधिकार यूट्यूबकडे असतो.

कोणते तास धरले जात नाहीत, हेही आधी माहीत हवे. व्हिडिओ खासगी केला, अनलिस्टेड केला किंवा काढून टाकला तर त्याचे तास गणतीतून जातात. चौदाव्या महिन्यात वहिनींना आपले सुरुवातीचे व्हिडिओ पाहून लाज वाटू लागली. प्रकाश पिवळा, आवाज लांबचा, मधूनच कुकरची शिट्टी. त्यातले आठ-दहा व्हिडिओ लपवून टाकण्याच्या बेतात त्या होत्या. वहीत पाहिले तर त्यांतला एकटा ‘छत्तीस साइज कटोरी ब्लाउज’ महिन्याला चाळीसेक तास देत होता. कुकरच्या शिट्टीसकट तो आजही आहे. पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीतून मिळालेले तास धरत नाहीत आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी पाहिलेला वेळही चार हजारांत येत नाही.

शॉर्ट्सविषयी एवढेच सांगतो की वहिनींच्या पाठीच्या गळ्याच्या एका शॉर्टला २ लाख ४० हजार व्ह्यूज आले आणि त्यातून तीनेकशे सबस्क्रायबर मिळाले. हजाराचा आकडा चौदाव्या महिन्यातच ओलांडला गेला तो त्यामुळे. पण ती मंडळी पुढे लांब व्हिडिओ पाहायला फारशी आली नाहीत. लांब व्हिडिओंचे बहुतेक प्रेक्षक शोधातून येतात, हे स्टुडिओतल्या ट्रॅफिकच्या तक्त्यात स्पष्ट दिसते. ‘सुंदर डिझाइन’ असे नाव असलेले व्हिडिओ पडून राहतात, आणि ‘खांदा उतरतो त्यावर उपाय’ किंवा ‘एक मीटर कापडात अस्तरासह ब्लाउज’ असे नाव असलेला व्हिडिओ दोन वर्षांनीही रोज दहा-वीस माणसे आणतो. बाई फोनवर जे शब्द टाइप करते किंवा बोलून शोधते, तेच शब्द नावात असले पाहिजेत.

आकडा तीन हजारांच्या आसपास आला की आणखी एक गोष्ट घडते. ‘उरलेले तास आठवड्यात पूर्ण करून देतो’ असे सांगणारे लोक फोन आणि मेसेज करू लागतात, आणि व्हॉट्सअपवर ‘तू माझे सबस्क्राईब कर, मी तुझे करतो’ असे गट असतात. दोन्ही प्रकार यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत. विकत घेतलेले व्ह्यूज वैध तासांत धरले जात नाहीत, ते नंतर वजाही होतात आणि चॅनलवर कारवाई होऊ शकते. गटातून आलेला सबस्क्रायबर तर व्हिडिओ पाहतच नाही, तेव्हा सरासरी मिनिटांचे नुकसान होते ते वेगळेच.

तपासणीत काय पाहतात

आकडे पूर्ण झाले म्हणजे प्रवेश झाला असे नाही. स्टुडिओत Earn या भागातून अर्ज करायचा, अटी मान्य करायच्या आणि ज्यातून गूगल पैसे देते ते यूट्यूबसाठीचे ॲडसेन्स खाते जोडायचे. त्याआधी गूगल खात्याला दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू हवी आणि चॅनलवर नियमभंगाचा चालू स्ट्राइक नसावा. मग चॅनल तपासले जाते, ज्याला साधारण महिनाभर लागतो. वहिनींनी सोळाव्या महिन्यात, म्हणजे तीन हजार तासांवरच अर्ज केला. त्याचा फायदा असा की पुढे चार हजार झाल्यावर पुन्हा पूर्ण प्रक्रिया करावी लागली नाही, फक्त जाहिरातींच्या अटी मान्य कराव्या लागल्या. त्यामुळे पहिल्या टप्प्यात हातात फारसे पैसे पडणार नसले तरी अर्ज तेव्हाच करावा असे मी म्हणेन. काही खोट असेल तर ती तीन महिने आधी कळते.

तपासणारे प्रत्येक व्हिडिओ पाहत नाहीत. चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांनी सर्वाधिक तास दिले ते व्हिडिओ, तसेच शीर्षके, थंबनेल आणि चॅनलची माहिती यांवर त्यांची नजर असते. मराठीत अर्ज नाकारला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दुसऱ्याची सामग्री वापरणे: कुणाच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, मालिकांचे तुकडे, वर्तमानपत्रातल्या बातम्या चित्रांवर वाचून दाखवणे, एकाच साच्यातल्या सुविचारांच्या शेकडो पट्ट्या. इथे एक गोष्ट लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. मूळ मालकाची परवानगी असली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण हा नियम कॉपीराइटचा नाही. आपण स्वतः त्यात काय भर घातली, एवढेच त्यात पाहिले जाते. साचेबद्ध, मोठ्या संख्येने काढलेल्या व्हिडिओंविषयीचा नियम जुलै २०२५ मध्ये अधिक स्पष्ट शब्दांत मांडला गेला. नकार आला तर २१ दिवसांत अपील करता येते, नाहीतर सुधारणा करून ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. पुन्हा नकार आला तर पुढच्या अर्जासाठी ९० दिवस थांबावे लागते.

पार्श्वभूमीला सिनेमातले गाणे टाकले तर मात्र प्रकरण कॉपीराइटचे होते. बहुतेक वेळा स्ट्राइक येत नाही, गाण्याच्या मालकाचा दावा लागतो आणि त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे त्याच्याकडे जातात. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या ब्लाउजचा वहिनींचा एक व्हिडिओ असा गेला. गाणे अवघे वीस सेकंदांचे होते.

चार हजारांनंतर

आता ज्या प्रश्नासाठी लोक हे सगळे करतात, तो. जाहिरातदार जे पैसे देतो, त्यातला ५५ टक्के वाटा लांब व्हिडिओंवर आपला असतो. शॉर्ट्समध्ये सगळ्या शॉर्ट्सच्या जाहिरातींचा पैसा आधी एकत्र होतो, त्यातून आपल्या वाट्याला जी रक्कम येते तिच्या ४५ टक्के आपल्याला मिळते. हा सगळा वाटा काढून झाल्यावर हजार व्ह्यूजमागे आपल्या हातात जे उरते त्याला आरपीएम म्हणतात. वहिनींच्या चॅनलचा आरपीएम सरासरी ४० रुपये पडला. दिवाळीच्या महिन्यात तो पन्नाशी ओलांडून गेला आणि जानेवारीत तिशीवर आला, कारण सणांच्या काळात जाहिरातदारांचा खर्च वाढतो आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला आटतो. हा दर विषयावर ठरतो आणि प्रेक्षक कोणत्या देशातून पाहतो यावरही. गुंतवणूक किंवा विमा यांवर बोलणाऱ्याला हजार व्ह्यूजना जास्त मिळतात. लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंवर व्यक्तिगत जाहिराती दिसत नसल्याने तिथे बहुधा कमी मिळतात.

एकोणिसाव्या महिन्यात वहिनींना ५१० तास मिळाले, म्हणजे साधारण ७,५०० व्ह्यूज. चाळीसच्या दराने त्याचे होतात ३०० रुपये. चुकीचे वाचले नाही, महिन्याचे तीनशे. चार हजार तासांचा डोंगर चढून गेल्यावर पलीकडे हे दिसते, आणि याची कल्पना आधी कुणी दिलेली नसते. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मधेही जाहिराती ठेवता येतात, म्हणून काही जण पाच मिनिटांचा विषय ताणून नऊ मिनिटांचा करतात. मग सरासरी मिनिटे घसरतात आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो.

त्यानंतरची दोन दारे पैशांच्या वाटेवरची आहेत. खात्यात १० डॉलर जमले की गूगल घरच्या पत्त्यावर टपालाने पिन पाठवते, काही वेळा त्याआधी ओळखपत्राची पडताळणीही मागते. हे पत्र साधे असते, त्याचा माग काढता येत नाही, यायला दोन ते चार आठवडे लागतात. वहिनींच्या खात्यात बाविसाव्या महिन्यात दहा डॉलर झाले, पण पत्त्यात इमारतीचे नाव होते आणि खोली क्रमांक नव्हता. पत्र आलेच नाही. पत्ता दुरुस्त करून पिन पुन्हा मागवली, तेव्हा ती सोसायटीच्या जिन्याखालच्या पेटीत विजेच्या बिलांमध्ये सापडली. चार महिन्यांत पिन भरली नाही तर कमाई थांबवली जाते, म्हणून पत्ता टाकताना पोस्टमनला जो लागतो तोच पूर्ण टाकावा.

याच सुमारास अमेरिकी कराचा फॉर्म भरायचा असतो. भारतीय व्यक्तीसाठी तो W-8BEN आहे. तो भरला आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. वहिनींचे प्रेक्षक बहुतेक महाराष्ट्रातले, तेव्हा ही कपात काही पैशांची असते. फॉर्म भरलाच नाही तर मात्र जगभरातल्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पॅन क्रमांक द्यायचा, नाव पॅनवर जसे आहे तसेच लिहायचे, आणि तीन वर्षांनी फॉर्म पुन्हा भरावा लागतो हे कुठेतरी नोंदवून ठेवायचे. आपल्याकडच्या आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवावे लागते, रक्कम लहान असली तरी.

शेवटचे दार १०० डॉलरचे. शिल्लक शंभर डॉलर होईपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत, ते पुढच्या महिन्यात जमा होत राहतात. शंभर डॉलर म्हणजे तेव्हा साधारण साडेआठ ते नऊ हजार रुपये होत. महिन्याला तीनशे रुपयांच्या वेगाने त्याला अडीच वर्षे लागली असती. सुदैवाने जुने व्हिडिओ शोधात वर येत गेले. विसाव्या महिन्यात ९,००० व्ह्यूज झाले आणि चोविसाव्यात २०,०००, म्हणजे महिन्याचे आठशे रुपये. त्यानंतर लग्नसराई सोडली तर आकडा बावीस ते पंचवीस हजारांत स्थिरावला. एकतिसाव्या महिन्यात शंभर डॉलर पूर्ण झाले. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान पक्की होते आणि शिल्लक पुरेशी असेल तर २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते. म्हणजे पहिला व्हिडिओ टाकल्यापासून पहिले पैसे बँकेत येईपर्यंत अडीच वर्षांच्या वर काळ गेला. रक्कम परदेशातून येते, त्यामुळे बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, आणि चलन बदलण्याचा आकार व त्यावरचा जीएसटी वजा होऊन ती हातात पडते.

वहीच्या उजव्या पानावर मी दुसरा एक रकाना आखलेला आहे. अकराव्या महिन्यात, म्हणजे यूट्यूबने एक पैसाही द्यायच्या आधी, डोंबिवलीच्या एका बाईंनी व्हिडिओखाली विचारले होते की हे कटिंग कागदावर कापून मिळेल का. वहिनींनी जांभळी नाक्यावरून तपकिरी कागदाचा गठ्ठा आणला आणि बत्तीस ते बेचाळीस साइजचे पेपर पॅटर्न कापून कुरिअरने पाठवायला सुरुवात केली. त्यातूनच शनिवार-रविवारचा वर्ग निघाला, सहा जणींचा, प्रत्येकीला महिना पंधराशे. ज्या महिन्यात यूट्यूबचे पहिले शंभर डॉलर आले, त्या महिन्यात वर्गाचे नऊ हजार आले होते. एका रकान्यातल्या रकमेला एकतीस महिने लागले आणि दुसऱ्यातली तेवढीच रक्कम एका महिन्याची होती. पण वर्गातल्या सहापैकी पाच जणींनी वहिनींना आधी चॅनलवरच पाहिले होते, तेव्हा हे दोन रकाने वेगळे मोजावेत की एकत्र, याचे उत्तर हिशेबनीस असूनही मला देता येत नाही. यूट्यूबची दुसरी रक्कम त्यानंतर आठ महिन्यांनी आली.